एता पेचिन : उत्तर की प्रश्न?

रशियातल्या वैद्यकीय विद्यापीठांत तोंडी परीक्षेची परंपरा अजून पक्की आहे. टेबलावर उपड्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक ‘बिल्येत’ उचलायचं, त्यावरच्या प्रश्नांची थोडा वेळ तयारी करायची आणि परीक्षकांसमोर जाऊन बसायचं. समजा, विषय शरीररचनेचा आहे, माध्यम रशियन आहे आणि परीक्षकांनी समोरच्या एका अवयवाकडे बोट दाखवलं. विद्यार्थी म्हणतो, ‘एता पेचिन’. हे यकृत.

उत्तर अचूक आहे. पण ‘पेचिन’मधल्या ‘पे’वर विद्यार्थ्याचा सूर खाली उतरला, तरच ते उत्तर ठरतं. त्याच ‘पे’वर सूर झटकन वर गेला, तर तो प्रश्न होतो: ‘हे यकृत आहे का?’ शब्द तेच, क्रम तोच, एका अक्षराचाही फरक नाही. परीक्षकांनी विचारलं होतं आणि विद्यार्थ्याने उलट त्यांनाच विचारलं. एखाद-दुसऱ्या वेळी परीक्षक हसून सोडून देतील. पण वीस मिनिटं प्रत्येक उत्तर असंच वर चढत राहिलं, तर या मुलाला काहीच नक्की माहीत नाही, अंदाजाने चाललंय, असं त्यांचं मत होईल. त्यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या कानांना तेच ऐकू आलेलं असतं.

परक्या भाषेतले उच्चार चुकले तर ऐकणाऱ्याला कळतं, हा परदेशी आहे. रशियनमधला कठीण ‘ल’ आणि मऊ ‘ल’ यांत घोळ झाला, तर समोरचा माणूस मनातल्या मनात दुरुस्ती करून घेतो. सुराचं तसं होत नाही. चुकलेला सूर ‘परदेशी उच्चार’ या खात्यात जमा होत नाही, तो थेट बोलणाऱ्याच्या स्वभावाच्या खात्यात जातो. माणूस उद्धट वाटतो, नाहीतर बुजरा वाटतो, नाहीतर चिडलेला. रशियनमध्ये हे जास्त घडतं, कारण मराठीत किंवा इंग्रजीत जे काम शब्दांवर सोपवलेलं असतं, त्यातलं बरंच रशियन भाषा निव्वळ सुराकडून करून घेते.

मराठीत होय-नाही उत्तराचा प्रश्न विचारायला ‘का’ आहे. ‘तुम्ही येणार का?’ यातला ‘का’ कितीही सपाट म्हटला तरी प्रश्न हा प्रश्नच राहतो. इंग्रजीत क्रियापद पुढे येतं. बोलीतल्या रशियनमध्ये यांपैकी सहसा काहीच होत नाही. ‘ली’ नावाचा एक प्रश्नार्थक शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात तो पुस्तकी वाटतो. मराठी माणसाला ‘का’ची सवय असल्याने असा एखादा शब्द सापडला की हायसं वाटतं आणि मग तो प्रत्येक प्रश्नात ‘ली’ घालू लागतो. व्याकरण चुकत नाही, पण साध्या गप्पांत कुणी छापील प्रश्नावली वाचून दाखवतंय असा भास होतो.

सुरांचा हा कारभार शिकवण्याजोगा करून ठेवला तो मॉस्को विद्यापीठातल्या येलेना ब्रिझगुनोवा यांनी. परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याच्या कामातून त्यांची मांडणी आकाराला आली. 1963 साली त्यांचं रशियन ध्वनी आणि सुरावटीवरचं पुस्तक आलं. पुढे 1980 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने काढलेल्या दोन खंडांच्या रशियन व्याकरणातही त्यांची पद्धत घेतली गेली. त्यांनी वाक्याच्या सुरावटीच्या सात आकृती सांगितल्या. प्रत्येकीचं रशियन नाव लांबलचक आहे, म्हणून वर्गात सगळे आद्याक्षरांवरून ‘इका’ म्हणतात: इका-एक, इका-दोन, अशा सातपर्यंत. शेवटच्या तीन बहुतांशी उद्गार, कौतुक आणि उपरोध यांच्या कामाच्या आहेत. नव्याने शिकणाऱ्याची लाज राखायची असेल तर पहिल्या चार पुरतात, आणि त्यांतही तिसरीवर सर्वांत जास्त घाम गाळावा लागतो.

मांडणीचा गाभा असा: वाक्यात एक अक्षर केंद्र असतं. वाक्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या शब्दातलं आघात असलेलं अक्षर म्हणजे हे केंद्र. सूर वळतो तो या एका अक्षरावर. त्याच्या आधीचा भाग साधारण मधल्या पट्टीत चालतो. नंतरचा भाग, म्हणजे शेपूट, वर राहतं की खाली, हे ती आकृती ठरवते. आता रशियनमध्ये प्रत्येक शब्दाचा आघात ठरलेला असतो, तो कुठेही असू शकतो, आणि छापील मजकुरात तो दाखवत नाहीत. मराठीत आघातामुळे शब्दाचा अर्थ पालटत नाही, त्यामुळे आपण तिकडे लक्षच देत नाही. परिणामी शब्दाचा आघात पाठ न करता सुरावट शिकू पाहणाऱ्याला वळायचं कुठे हेच ठाऊक नसतं.

इका-एक म्हणजे साधं विधान. केंद्रावर सूर उतरतो आणि शेवटपर्यंत खालीच राहतो. ‘एता पेचिन’ हे उत्तर असं म्हणायचं. इका-तीन म्हणजे होय-नाहीचा प्रश्न. केंद्रावर सूर एकदम, जवळजवळ उडी मारल्यासारखा वर जातो आणि पुढच्याच अक्षराला खाली कोसळतो. ‘पे’ वर, ‘चिन’ खाली.

मराठी माणसाची गफलत इथेच होते. ‘का’ न लावता आपणही प्रश्न विचारतो: ‘तू येणार?’ तेव्हा सूर वाक्याच्या शेवटाला वर जातो. म्हणून रशियन प्रश्नातही आपोआप शेवट उचलला जातो. पण रशियन प्रश्नाचा शेवट बहुतेकदा खाली असतो, वर असतं ते केंद्र. आणि होय-नाहीच्या साध्या प्रश्नात केंद्र बरेचदा क्रियापदावर असतं, वाक्याच्या टोकाला नव्हे.

हे रुग्णालयातल्या प्रसंगावरून नीट कळेल. महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात जातात. वर्गातली व्याख्यानं इंग्रजीत असली तरी वरच्या वर्षांना वॉर्डात उभं राहिल्यावर समोरची आजी रशियनच बोलते. तिची माहिती घ्यायची तर दहा-पंधरा प्रश्न ठरलेले आहेत. विद्यार्थ्याला ते पाठही असतात. बिघडतं ते सुरात.

‘वी कूरित्ये?’ तुम्ही धूम्रपान करता? आघात ‘कू’वर. सूर ‘कू’वर चढला पाहिजे आणि ‘रित्ये’ ही दोन अक्षरं खाली, हलक्या आवाजात सुटली पाहिजेत. विद्यार्थी काय करतो? ‘कू’ सपाट ठेवतो आणि ‘त्ये’ खालून वर ओढतो. प्रश्न आहे हे आजीला कळतं, पण त्याची चव बदलते. कारण केंद्रावर खाली जाऊन शेपटात वर चढणारी एक वेगळी आकृती रशियनमध्ये आहे: इका-चार. तिचं नेहमीचं घर म्हणजे ‘आ’ने सुरू होणारे छोटे जोडप्रश्न. ‘मी पुण्याचा. आ वी? आणि तुम्ही?’ तिथे ती अगदी शोभते. पण तिचं दुसरं घर सरकारी खिडकीवर आहे. ‘आडनाव? नाव? पासपोर्ट?’ असं कागदावरून मान वर न करता विचारणाऱ्या कारकुनाचा सूर हाच. वॉर्डातल्या प्रत्येक प्रश्नाचा शेवट असा खालून वर ओढला गेला, की चौकशी कमी आणि तपासणी जास्त चालल्यासारखं वाटतं. विद्यार्थ्याच्या मनात तर अजीजीच असते.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि ती जास्त महागात पडते. रशियन प्रश्नातली ती उडी मराठी कानांना फार मोठी वाटते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रशियन माणसं एकमेकांवर आश्चर्य व्यक्त करताहेत किंवा खेकसताहेत असंच वाटतं. इतका वर आवाज नेणं आपल्या मुलांना नाटकी वाटतं, विशेषतः वयस्कर माणसासमोर. म्हणून ती संकोचाने अर्धीच उडी मारतात. पण अर्धी उडी रशियन कानांना चढ म्हणून ऐकूच येत नाही. शेपूट तर नियमाप्रमाणे खाली असतंच. मग ‘वी कूरित्ये?’चं ‘वी कूरित्ये.’ होतं. तुम्ही धूम्रपान करता. आजी एकतर गप्प राहते, नाहीतर दुखावते: ‘कोण म्हणालं?’

आता जरा लांब वाक्य घेऊ. ‘वी प्रिनिमायित्ये लिकार्स्त्वा?’ तुम्ही औषधं घेता? नेहमीचं केंद्र ‘मा’वर, म्हणजे ‘घेता’ या क्रियापदात. ‘प्रिनि’पर्यंत मधली पट्टी, ‘मा’वर उडी, आणि त्यानंतर ‘यित्ये लिकार्स्त्वा’ ही पाच अक्षरं सगळी खाली. पाच अक्षरं खाली ठेवून प्रश्न संपवायचा, हे आपल्या जिभेला पटतच नाही. वाटेत ‘कार’वर आघात येतो, तिथे पुन्हा वर जायचा मोह होतो. तो झाला की केंद्र ‘औषधं’ या शब्दावर सरकतं आणि प्रश्नाचा रोख पालटतो: तुम्ही घेता ती औषधंच ना, की दुसरं काही? उडी ‘वी’वर मारली तर अर्थ होतो: औषधं घेता ते तुम्ही, की घरातलं दुसरं कुणी? तीन शब्दांचं वाक्य, तीन जागा, तीन वेगळे प्रश्न. मराठीत आपण ‘च’ लावून किंवा शब्द मागेपुढे करून हे साधतो. रशियन माणूसही शब्द हलवतो, पण न हलवताही त्याचं काम भागतं.

शेपूट नसेल तर काय? ‘गलवा बलीत?’ डोकं दुखतं? इथे आघात शेवटच्या ‘लीत’वर आहे. कोसळायला पुढे अक्षरच नाही. त्यामुळे सूर वर जातो आणि तिथेच तुटतो. हे वाक्य मराठी मुलांना पहिल्या दिवशी जमतं, कारण इथे केंद्र आणि शेवट एकच आहेत. गंमत म्हणजे नेमक्या अशा वाक्यांमुळे ‘प्रश्न म्हणजे शेवट वर’ हा समज पक्का होतो. शिकवणाऱ्याने शेपूटवाल्या प्रश्नांनीच सुरुवात केलेली बरी.

प्रश्नार्थक शब्द असलेल्या वाक्यांचा कायदा निराळा. ‘श्तो वास बिस्पाकोइत?’ तुम्हाला काय त्रास होतोय? रशियन डॉक्टरचा हा ठरलेला पहिला प्रश्न. ‘काय’ हा शब्द आहे म्हटल्यावर प्रश्न आहे हे उघडच झालं, मग सुराने वेगळं सांगायची गरज उरत नाही. इथे इका-दोन लागते: केंद्रावर आवाजाला थोडा जोर आणि सूर खाली. म्हणजे प्रश्न असूनही शेवट विधानासारखा उतरतो. विद्यार्थी मात्र प्रश्नचिन्ह बघून सूर वर नेतो. तो तिसऱ्या आकृतीसारखा चढला की अर्थ होतो, ‘काय म्हणालात, काय त्रास होतोय?’ आजीने अजून तोंड उघडलेलं नसतं. ‘काक वास जवूत?’, तुमचं नाव काय, हेही वर चढवून विचारलं तर ‘नाव काय म्हणालात, विसरलो’ असं ऐकू येतं.

पण खाली उतरणारा प्रश्न उद्धट तर वाटणार नाही ना, ही भीती मराठी विद्यार्थ्याला असते. उतरण्याने तो उद्धट वाटत नाही. उद्धट वाटतो तो जोर जास्त झाल्याने. इका-दोनमध्ये केंद्रावरचा दाब प्रमाणात हवा. ‘श्तो’ हा शब्द ठोकून म्हटला आणि सूर उंचावरून आपटला, तर ‘काय झालंय तरी काय तुम्हाला?’ असा वैताग त्यात उतरतो. मुळात हीच आकृती हाक मारायला, आज्ञा द्यायला आणि विरोध दाखवायलाही वापरतात, तेव्हा दाब वाढला की ती आपसूक तिकडे झुकते. ‘स्कोल्का वाम ल्येत?’, वय किती, हा प्रश्न कमी दाबाने, जवळपास साध्या विधानाच्या सुरात विचारला तर कुणालाच टोचत नाही.

हाकेचा उल्लेख आलाच आहे तर एक बारीकशी गोष्ट. रशियात रुग्णाला नाव आणि वडिलांवरून आलेलं नाव अशा जोडीने हाक मारतात: ‘आन्ना इवानोव्ना!’ बोलावताना सूर खाली उतरतो. तेच वर चढवलं, तर ‘आपण आन्ना इवानोव्नाच ना?’ असं विचारल्यासारखं होतं. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या अनोळखी बाईंना ते योग्यच आहे. रोज भेटणाऱ्या रुग्णाला मात्र ते विचित्र वाटेल.

विनंतीच्या बाबतीत आपली मुलं एका शब्दावर फार भिस्त ठेवतात. ‘पझालुस्ता’, म्हणजे ‘कृपया’. हा शब्द घातला की सौजन्य पूर्ण झालं, अशी समजूत असते. रुग्ण भरभर बोलला आणि कळलं नाही तर विद्यार्थी म्हणतो, ‘पफ्तरीत्ये, पझालुस्ता’, कृपया पुन्हा सांगा. हे ‘री’वर सूर आपटून म्हटलं, तर इका-दोनची आज्ञा होते. वर्गात मास्तर धडा पुन्हा म्हणायला लावतात, तसं. ‘कृपया’ तिथे असूनही आज्ञाच ऐकू येते. विनंती करायची तर ‘री’वर प्रश्नासारखी उडी हवी आणि पुढचं ‘पझालुस्ता’ खाली, घाईत, जवळजवळ गिळून टाकलेलं हवं. सौजन्य त्या उडीत असतं.

म्हणजे आज्ञेचा सूर कायमच वाईट, असं मात्र नाही. एक्स-रे काढताना ‘श्वास घ्या, आता रोखा’ हे रशियन तंत्रज्ञ उतरत्या सुरातच सांगतो आणि कुणीही मनाला लावून घेत नाही. ‘अत्क्रोइत्ये रोत’, तोंड उघडा, हेही तसंच. ज्याचं काम सूचना देणं आहे त्याने ठाम सुरात सूचना दिली तर रुग्णाला धीरच येतो. अशा ठिकाणी विनंतीचा चढ लावला तर डॉक्टरलाच खात्री नाही असं वाटू लागतं. कुठे मदत मागतोय आणि कुठे सूचना देतोय, हे आधी ठरवावं लागतं.

रशियन सौजन्याचा आणखी एक प्रकार सुराशिवाय उभाच राहत नाही: नकारार्थी प्रश्न. रस्ता विचारताना रशियन माणूस म्हणतो, ‘वी नि पत्स्काझित्ये, मेट्रो कुठे आहे?’ शब्दशः ‘तुम्ही सांगणार नाही?’ यातलं ‘नाही’ हे अदबीचं आहे. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवलेली असते. पण ही अदब सगळी ‘का’वरच्या चढावर टांगलेली आहे. ‘का’ वर, ‘झित्ये’ खाली. चढ राहून गेला तर उरतं ते विधान: ‘तुम्ही सांगणार नाही.’ पाठ्यपुस्तकातलं सर्वांत नम्र वाक्य तोंडात घेऊन माणूस अनोळखी बाईंवर आरोप करून बसतो. ज्याला इका-तीन अजून जमत नाही, त्याने हे वाक्य बाजूला ठेवावं आणि ‘स्काझीत्ये, पझालुस्ता’, म्हणजे ‘सांगा ना कृपया’, अशी सुरुवात करून मेट्रोचा प्रश्न उतरत्या सुरात विचारावा. फार गोड नसेल, पण अंगावर येणार नाही.

उद्धटपणाची गोष्ट झाली. आता अनिश्चितपणाची, म्हणजे पुन्हा त्या परीक्षेच्या टेबलाकडे.

हिंदीच्या सुरावटीचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट नोंदवली आहे. वाक्यातला जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द खालच्या सुरावर सुरू होतो आणि वर चढत संपतो. मराठी बोलणं या कानाने ऐकलं तर तिथेही असे चढ पदोपदी सापडतात. आपल्याला त्यात काही जाणवत नाही, ती आपली चाल आहे. रशियनमध्ये मात्र चढ म्हणजे खूण असते: एकतर प्रश्न आहे, नाहीतर वाक्य अजून संपलेलं नाही. ‘मी मॉस्कोला पोचलो तेव्हा / बर्फ पडत होता.’ रशियनमध्ये पहिल्या तुकड्याच्या केंद्रावर बहुधा तीच इका-तीनची उडी येते आणि दुसऱ्या तुकड्यात इका-एकची उतरण. चढ ऐकला की समोरचा थांबतो, कारण अजून काही यायचं आहे. उतरण ऐकली की तो बोलू लागतो.

मराठी विद्यार्थ्याने हृदय, फुप्फुसं, यकृत आणि मूत्रपिंडं अशी यादी सांगितली आणि मूत्रपिंडांवरही सूर वरच ठेवला, तर परीक्षक पाचव्या अवयवाची वाट पाहत बसतात. तो येत नाही. विद्यार्थीही गप्प आणि परीक्षकही गप्प. ही शांतता विद्यार्थी ‘माझं उत्तर चुकलं’ अशी वाचतो, आणि परीक्षक ‘याला पुढचं आठवत नाही’ अशी. दोघांचाही अंदाज चुकलेला असतो. यादीतल्या पहिल्या तीन नावांवर चढ चालतो, शेवटच्यावर उतरण हवीच.

ऐकतानाही एका अक्षराने घोटाळा होऊ शकतो. ‘दा’ म्हणजे हो. रुग्ण बोलत असताना आपण मराठीत ‘हं… हो…’ करतो, तसं विद्यार्थी ‘दा… दा…’ करतो. ते उतरतं असेल तर ठीक. चढतं ‘दा?’ म्हणजे मात्र ‘हो का? खरंच?’ आजी सांगतेय की रात्रभर छातीत दुखत होतं आणि समोरचा पोरगा दर वाक्याला ‘खरंच?’ म्हणतोय, तर तिने काय समजायचं?

सराव कसा करायचा याबद्दल रशियन शिक्षकांची पद्धत सोपी आणि कंटाळवाणी आहे, आणि ती लागू पडते. एकच वाक्य विधान म्हणून आणि प्रश्न म्हणून जोडीने म्हणायचं: ‘एता पेचिन. एता पेचिन?’ वहीत केंद्राच्या अक्षरावर आकृतीचा आकडा लिहायचा. नवा शब्द आघाताच्या खुणेशिवाय लिहायचाच नाही. शेपटाचा सराव वाढत्या लांबीने करायचा: आधी ‘बलीत?’सारखा शेपूट नसलेला प्रश्न, मग ‘पेचिन?’ एका अक्षराचं शेपूट, मग ‘कूरित्ये?’ दोन अक्षरांचं, मग ‘प्रिनिमायित्ये लिकार्स्त्वा?’ पाचांचं. शब्द जड जात असतील तर आधी तोंड मिटून नुसता सूर गुणगुणायचा.

आपला सूर खरंच कुठे गेला हे स्वतःच्या कानाला कळत नाही, कारण मनातला हेतू कानाला फसवतो. त्यासाठी ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला Praat हा मोफत संगणक-प्रोग्रॅम कामाला येतो. आवाज ध्वनिमुद्रित केला की सुराची रेघ पडद्यावर दिसते. रशियन व्यक्तीच्या आवाजातलं तेच वाक्य शेजारी ठेवलं, की ‘कू’वरचा डोंगर तिच्या रेघेत केवढा आहे आणि आपल्या रेघेत केवढीशी टेकडी आहे हे लपत नाही. ‘क’, ‘त’, ‘प’ अशा अघोष व्यंजनांपाशी रेघ तुटलेली दिसते. तो बिघाड नाही, त्या क्षणी स्वरतंतू थरथरतच नाहीत. रेघ मध्येच दुपटीने वर किंवा निम्म्याने खाली उडी मारताना दिसली, तर ती मात्र मोजणीतली चूक असते. ती सुरावट समजून गिरवायची नाही.

यंत्रापेक्षा माणसाची चाचणी पक्की. रशियन मित्राला पाठमोरं बसवायचं, हातातल्या चिठ्ठीत ‘प्रश्न’ आहे की ‘विधान’ हे त्याला न दाखवता वाक्य म्हणायचं, आणि त्याने काय ऐकलं ते विचारायचं. दहापैकी दहा वेळा जुळेपर्यंत थांबायचं नाही. पाठमोरं अशासाठी, की वर केलेल्या भुवया पाहून तो अंदाज बांधेल. फोनवर भुवया दिसत नाहीत.

ब्रिझगुनोवांच्या सात आकृतींत सगळी रशियन भाषा मावते असं कुणी समजू नये. रशियन सुरावटीचं वर्णन करणाऱ्या दुसऱ्याही पद्धती आहेत. डच अभ्यासक सेसिलिया ओडे यांनी कानाला काय जाणवतं यावर आधारलेली वेगळी मांडणी केली आहे. प्रत्यक्ष बोलण्यात आकृती एकमेकींत मिसळतात, आणि जवळच्या माणसांत खडा सूरही मायेचा असू शकतो. इका-सातचा उपरोध तर घरच्या माणसांच्या तोंडी ऐकूनच समजतो. पण वॉर्डातल्या पहिल्या वर्षाला एवढं खोल जायची गरज नाही.

पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई विद्यापीठात रशियन शिकायची सोय आहे. रशियाला निघालेल्या मुलांनी जाण्याआधी लिपी आणि हजारभर शब्द शिकून घ्यावेत, हे सगळे सांगतात. त्यांनी त्यात एक भर घालावी. रुग्णाला विचारायचे पहिले दहा प्रश्न निवडावेत, प्रत्येकाचं केंद्र शिक्षकांकडून खुणा करून घ्यावं, आणि ते दहाच प्रश्न शेपूट खाली ठेवून, उडी पुरी मारून, निलाजरेपणाने मोठ्याने म्हणावेत. घरच्यांना ते नाटकी वाटतील. आजींना वाटणार नाहीत.